शब्दचर्चा : ‘कट ऑन मूव्हमेंट’ला काय म्हणावं?

तत्कार : नमस्कार. आमच्या कथकच्या आठ जणींचा तराणा व्हिडिओवर घ्यायचा आहे. जागा ठरली : धरमपेठेतल्या एका मैत्रिणीच्या इमारतीची गच्ची. वेळ सकाळची, कारण नऊनंतर पाण्याच्या टाकीची सावली निम्म्या रांगेवर येते. स्टोरीबोर्ड मी काढतेय आणि तो मराठीत लिहायचा हट्ट आहे, कारण कॅमेऱ्यावरचा दादा, मुली आणि मी असे सगळे तोच कागद वाचणार. रचना, चौकट, जवळून, दुरून, इथपर्यंत गाडी नीट चालली. अडलंय ‘कट ऑन मूव्हमेंट’पाशी. म्हणजे हालचाल अर्धवट असतानाच दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाणं. समासात नुसतं ‘कट’ लिहिलं तर मुली विचारतात, ‘ताई, तिथे थांबायचं का?’ थांबायचं नाही, हेच तर शब्दातून कळायला हवं.

शब्दवेडा : ‘गतिच्छेद’ घ्या. छेद म्हणजे कापणं, गती म्हणजे हालचाल. दोन्ही शब्द रुळलेले आहेत. शिवाय ‘कट’ला मराठीत आधीच कटकारस्थानाचा वास आहे. ‘चौथ्या चौकटीत कट आहे’ हे वाचून माणूस दचकेल.

बर्डीकर : आणि नागपुरात कट मारतात तो बाईकवर, तेही व्हेरायटी चौकात 😄 पण ताई, शब्दाचं एवढं काय? तालावर कट करा, संपलं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर कट. नाचाच्या व्हिडिओचा हा एकच नियम आहे. दुसरं काही लिहायची गरजच नाही.

कातरपेटी : बर्डीकर, अर्धं बरोबर बोलून राहिले. ताल सोडून कट केला तर नाच लंगडतो हे खरं. पण समेवर नाचणारी काय करते? थांबते. हात जागेवर, मान जागेवर, पाऊल आपटलेलं. त्या क्षणी कॅमेरा बदलला की दोन स्थिर चित्रं एकमेकांना चिकटवल्यासारखी दिसतात, आणि बोट चार अंगुळं वर-खाली असलं तरी डोळ्याला कळतं. अंग फिरत असताना बदललं तर डोळा त्या फिरण्याच्या मागे असतो, जोड त्याला दिसतच नाही. मी पंधरा वर्षं संकलन करतोय, लग्नाचे व्हिडिओही केले अन् स्टेजचेही. सम ही पोचायची जागा आहे. कट तिच्या अलीकडे पाहिजे.

आणि ‘गतिच्छेद’ नको. छेद म्हटलं की गती तुटली असंच वाटतं. इथे तर ती तुटू द्यायची नाही.

तत्कार : अलीकडे म्हणजे किती? मला कागदावर मात्रा लिहावी लागेल.

कातरपेटी : लय सांगा. आणि कुठल्या जागेवर अडलं ते सांगा.

तत्कार : सोळा मात्रांचा तीनताल, मिनिटाला 100 मात्रा. चौकट 4 : टाकीपासून जिन्यापर्यंत तिरकी रांग, कॅमेरा कठड्याजवळ, आठही जणी पूर्ण दिसतात. चौकट 5 : मधली एकटी, कमरेपासून वर. पंधराव्या मात्रेला सगळ्या गिरकी सुरू करतात, दोन मात्रांत एक गिरकी, आणि समेवर येऊन थांबतात.

कातरपेटी : मग हिशेब सोपा आहे. एक मात्रा 0.6 सेकंदाची. सेकंदाला 25 फ्रेमवर शूट करत असाल तर मात्रेला 15 फ्रेम आणि गिरकीला 30. गिरकी सुरू होऊन खांदा वळला, अंगाने वेग घेतला, की साधारण पहिल्या एक तृतीयांशात बदलायचं. म्हणजे पंधराव्या मात्रेनंतर दहाएक फ्रेमनी. उरलेल्या वीस फ्रेम जवळच्या चौकटीत, त्यामुळे सम मधलीच्या चेहऱ्यावर पडते. पण कागदावर तुम्ही ‘दहा फ्रेम’ लिहू नका, ते काम माझ्यासारख्याचं. तुम्ही ‘15वी मात्रा, खांदा वळताना’ एवढंच लिहा.

आणि दुसरी गोष्ट लिहा, जी सगळे विसरतात : दोन्ही कॅमेऱ्यांसाठी नाच आधीच्या समेपासून सुरू करायचा आणि पुढच्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेपर्यंत न्यायचा. चौकट 5 साठी मुलीला ‘गिरकीपासून कर’ म्हटलं ना, की ती उभ्या अंगाने गिरकी घेते. आधीच्या चौदा मात्रांचा वेग अंगात नसतो. मग मी कितीही सरकवलं तरी जोड बसत नाही.

लेझीमताई : मध्येच विचारते, माफ करा. माझा कॅमेरा एकच, तोही मोबाईल. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं लेझीम, चोवीस मुलं, तीन वेळा करून घेतलं आणि घरी जोडलं. सगळं झटके मारतंय. मी तर हालचालीवरच कापलं होतं!

कातरपेटी : ताई, पहिल्या वेळी पुढच्या रांगेने कोणता हात वर नेला आणि तिसऱ्या वेळी कोणता, ते बघा बरं.

लेझीमताई : बघितलं. 🙈 पहिल्यांदा डावा पाय आधी, तिसऱ्यांदा उजवा. आणि तिसऱ्यांदा दोघांच्या टोप्याही नाहीत.

कातरपेटी : झालं तर मग. एका कॅमेऱ्यावरही होतं, पण प्रत्येक वेळी गाणं तेच रेकॉर्ड केलेलं लावायचं आणि कोणता पाय, कोणता हात हे चौकटीखाली लिहून ठेवायचं. जिवंत हलगीवर तीन वेळा केलं तर तिन्ही वेळा लय वेगळी पडते, मग काही जुळत नाही.

बर्डीकर : डावा-उजवा लिहायचा तर कोणाचा डावा? मुलांचा की कॅमेऱ्याचा?

तत्कार : हा घाव माझ्या वर्मी बसला. मागच्या वर्षी मी कागदावर ‘डावी रांग पुढे’ लिहिलं. रंगमंचावर डावं म्हणजे नाचणाऱ्याचं डावं, मी तेच धरलं. कॅमेरावाल्याने स्वतःचं डावं धरून फोकस तिकडे लावून ठेवला. पुढे आलेली रांग पूर्ण पुसट, मागे उरलेली लख्ख. ते आवर्तन फेकावं लागलं. या वेळी डावं-उजवं हे शब्दच काढून टाकलेत. ‘टाकीकडे’ आणि ‘जिन्याकडे’. टाकी कोणासाठीच जागा बदलत नाही. अंगापुरतं फक्त डावा-उजवा, तेही नाचणारीचा हात-पाय.

शब्दवेडा : हे आवडलं. नदीकाठच्या गावात ‘नदीकडची खोली’ म्हणतात तसं.

कातरपेटी : झकास आहे, पण एक धोका. कॅमेरा रांगेच्या पलीकडे गेला की टाकी चौकटीत दुसऱ्या बाजूला जाते. मग टाकीकडे सरकणारी मुलगी एका चित्रात डावीकडे सरकते अन् पुढच्या चित्रात उजवीकडे. पाहणाऱ्याला वाटतं ती मागे फिरली. म्हणून आडव्या सरकण्यावर कट असेल तर दोन्ही कॅमेरे रांगेच्या एकाच बाजूला ठेवा.

गिरकीचं मात्र उलटं आहे. डावीकडे फिरणारी मुलगी समोरून पाहा की मागून, तिची तुमच्याकडची बाजू उजवीकडेच जाताना दिसते. घरी स्टुलावर वाटी फिरवून बघा. म्हणून पलीकडच्या बाजूला जायचंच असेल, तर गिरकी ही त्यातल्या त्यात चांगली जागा. फक्त चौकटीत एकटीच हवी. शेजारणी दिसल्या तर रांगेचा क्रम उलटलेला लगेच कळतो.

तत्कार : वाटी फिरवून पाहिली. खरंच की! मग चौकट 5 चा कॅमेरा जिन्याच्या मागे नेते, तिकडून सकाळचं ऊन चेहऱ्यावर येतं.

बर्डीकर : एक वाचलं होतं, की हालचालीवर कट करताना दोन-तीन फ्रेम परत दाखवायच्या, म्हणजे हालचाल सलग वाटते. ते पण लिहा.

कातरपेटी : ते नाटकी प्रसंगात चालतं. कोणी खुर्चीत बसतंय, दार उघडतंय. दुरून जवळ गेलं की डोळ्याला नवीन चित्र ओळखायला क्षण लागतो, म्हणून थोडं परत देतात. पण इथे गाणं खाली सलग चालू आहे. तीन फ्रेम परत दिल्या तर पुढची सगळी चौकट 0.12 सेकंद मागे पडते, अन् पावलांच्या तत्कारात ते लगेच ऐकू येतं : घुंगरू आधी वाजतो, पाय नंतर पडतो. मी फार तर एक फ्रेम सरकवतो. पाय चौकटीत नसले तर कधी दोन.

सांधेवाला : मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, नाचातलं कळत नाही. नात तुमच्या क्लासला येते, तिने हे दाखवलं. आमच्याकडे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्याला सांधा बदलणे म्हणतात. गाडी थांबत नाही, फक्त रूळ बदलतो. सांधा नीट बसलेला असला तर आतल्या माणसाच्या चहाच्या कपाला कळत नाही. तुम्ही ‘सांधेबदल’ का म्हणत नाही?

तत्कार : काका!! हाच. ‘15वी मात्रा, खांदा वळताना सांधेबदल.’ यात थांबणं कुठेच नाही.

बर्डीकर : मग ‘डायमंड क्रॉसिंग’ म्हणा ना, नागपूरचं नावही होईल.

सांधेवाला : नाही हो. डायमंडवर गाडी दुसरा रूळ ओलांडून सरळ पुढे जाते. रूळ बदलत नाही. ते वेगळं.

शब्दवेडा : शब्द देखणा आहे, पण नाचणाऱ्या मुलींना ‘सांधा’ म्हटलं की गुडघा आठवणार. शिवाय तीन सेकंदांच्या घाईत ‘सांधेबदल’ लांब पडतो. नुसतं ‘सांधा’ लिहाल आणि कॅमेऱ्यावरचा दादा विचारेल, कोणाचा दुखतोय?

कातरपेटी : आमच्या खोलीत आम्ही ‘मूव्हमेंटवर कट’च म्हणत राहू, सवय झाली. पण कागदावर सांधेबदल वाचला तर मला तरी बरोबर तेच कळेल. आणि समेवर मुद्दाम थांबून कट द्यायचा असेल तिथे काय लिहाल? तेही लागतं कधी कधी. आठही जणींच्या पूर्ण चित्रावरून एकदम घुंगरांवर गेलात, तर तो धक्का समेवर छान बसतो. चौकटीचा आकार खूप बदलला की डोळा जोड शोधत बसत नाही.

बर्डीकर : बघा! म्हणजे समेवर कट चालतो. मी तेच म्हणत होतो.

कातरपेटी : ‘हाच एक नियम’ म्हणत होते तुम्ही.

तत्कार : त्याला मी ‘थांबा’ म्हणते. स्टेशनातला. चौकट 9 ला एक थांबा आहे, बाकी सहा ठिकाणी सांधेबदल. शब्दवेडा, गुडघ्याचं म्हणणं पटतंय, म्हणून समासात शब्दाऐवजी रुळाचं चिन्ह काढून पाहते, दोन रेघा आणि एक तिरपी. आज संध्याकाळी मुलींपुढे ठेवते. कोणी थांबली तर शब्द परत शोधू.

लेझीमताई : आणि टोप्यांसाठी काही चिन्ह आहे का?