‘माहिती कोणालाही देत नाही’ एवढे लिहिणे पुरेसे आहे का?

नवखा: माझ्या छोट्या संकेतस्थळावर संपर्कासाठी एक फॉर्म आहे आणि त्यात फक्त नाव व फोन नंबर घेतला जातो. गोपनीयता धोरणात ‘आम्ही आपली माहिती कोणालाही देत नाही व ती पूर्णपणे सुरक्षित ठेवतो’ एवढे एक वाक्य चालेल का?

आडवाट: चालेल असे मला वाटते. आपण नंबर विकत नाही, जाहिरातदारांना पुरवत नाही, मग लपवण्यासारखे काही उरतच नाही. पानभर धोरण कोणी वाचत नाही; लहान संकेतस्थळांवर ते बहुधा दुसरीकडून उचललेले असते आणि त्यात नसलेल्या खरेदीचा व नसलेल्या सदस्यत्वाचाही उल्लेख राहून जातो.

तर्कट: उचललेल्या धोरणाबद्दलचे आपले म्हणणे योग्य आहे, परंतु ‘विकत नाही’ आणि ‘देत नाही’ यांत आपण गल्लत करता. फॉर्मचे बटण दाबल्यावर नंबर जातो कुठे, हे आधी पाहावे. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे वर्डप्रेसचे प्लगइन मूळ मांडणीत संदेश डेटाबेसमध्ये ठेवत नाही, केवळ ईमेलने पाठवते. त्याला ‘फ्लेमिंगो’ हे दुसरे प्लगइन जोडले की प्रत्येक नोंद डेटाबेसमध्येही साठू लागते आणि तिथून होस्टिंगच्या बॅकअपमध्ये उतरते. ईमेल दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतो. परत फोन करण्यासाठी नंबर मोबाइलमध्ये जतन केला आणि संपर्कयादी खात्याशी जुळवलेली असली, तर आणखी एक प्रत तयार होते. यात कोणाचाही वाईट हेतू नाही, तरीही ‘कोणालाही देत नाही’ हे विधान खोटे ठरते.

नवखा, आपण एक चाचणी करून पाहावी. एखाद्या विचित्र, इतरत्र न आढळणाऱ्या नावाने फॉर्म भरावा आणि ते नाव व्यवस्थापन पटलात, ईमेलच्या आवक-जावक पेट्यांत व डेटाबेसमध्ये शोधावे. जिथे जिथे ते सापडेल, त्या प्रत्येक जागेचा धोरणात उल्लेख यायला हवा.

पाऊलखुणा: माझ्याकडे भेटींची मोजणी करणारे साधन आहे आणि मी कुकीसाठी संमतीची पट्टी लावली आहे. तशी पट्टी लावली की हा प्रश्न सुटतो, असा माझा अनुभव आहे.

तर्कट: पट्टी कुकीची संमती घेते, फॉर्ममध्ये वाचक स्वतः नंबर लिहितो, त्याला ती लागू पडत नाही. फॉर्म माणूसच भरतो आहे ना, हे तपासणारे गूगलचे ‘रीकॅप्चा’ फॉर्मवर असल्यास मात्र दोन्ही विषय एकत्र येतात, कारण त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता गूगलकडे जातो. आडमार्गाने का होईना, आपण महत्त्वाचा मुद्दा काढलात.

‘पूर्णपणे सुरक्षित’ हे शब्द तर काढूनच टाकावेत. तशी हमी कोणालाही देता येत नाही. मी मजकूर असा लिहीन:

> आपले नाव व फोन नंबर आम्ही केवळ आपल्या चौकशीला उत्तर देण्यासाठी वापरतो. जाहिरातीसाठी संपर्क करीत नाही. ही माहिती आमच्या ईमेल सेवेत व होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर साठते. चौकशी संपल्यानंतर ६ महिन्यांनी आम्ही ती खोडतो. बॅकअपमधील प्रत त्यापुढील ३० दिवसांत नाहीशी होते. आपली माहिती पाहण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी किंवा खोडण्यासाठी खालील ईमेलवर कळवावे.

यातील ६ महिने व ३० दिवस हे आकडे उदाहरणादाखल आहेत. होस्टिंग कंपनी बॅकअप किती दिवस ठेवते हे विचारून मगच दुसरा आकडा लिहावा.

आडवाट: ईमेल सेवेचा उल्लेख हवा, हे मला पटले. पण सहा महिन्यांनी नोंदी खोडणार कोण? एकट्या माणसाच्या संकेतस्थळावर हे काम हमखास विसरले जाते आणि पाळले न गेलेले लेखी वचन हे वचन न देण्यापेक्षा वाईट असते.

तर्कट: म्हणूनच जेवढे पाळता येईल तेवढेच लिहावे. युरोपातील जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १३ मध्येही नेमकी मुदत सांगता येत नसेल, तर ती ठरवण्याचा निकष सांगण्याची मुभा आहे. ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ हा निकष होऊ शकतो, मात्र चौकशी केव्हा पूर्ण झाली असे धरायचे, तेही सोबत लिहावे लागेल. नाहीतर त्या मुदतीचा अर्थ ‘कायमची’ असाच होतो.

नवखा: ईमेल व होस्टिंग कंपन्यांची नावे द्यावीत का?

तर्कट: त्याच कलमानुसार माहिती मिळणाऱ्यांचे प्रकार सांगितले तरी चालते. तरीही मी नावे देईन, कारण ‘सेवापुरवठादार’ एवढ्या शब्दातून वाचकाला काहीच कळत नाही.

आडवाट: इथे मी आपल्याशी सहमत नाही. होस्टिंग बदलले आणि धोरण बदलायचे राहिले, की नाव चुकीचे ठरते. प्रकार मात्र तोच राहतो. नावे विचारणाऱ्याला ईमेलने कळवावीत.

तर्कट: विचारल्यावरच नाव सांगणार असाल, तर नंबर देण्यापूर्वी वाचकाला ते कसे कळणार?