मदत हवी आहे: ट्री डीकंपोझिशनमध्ये दोन फांद्या जोडताना नेमके काय करावे?

सहा शिरोबिंदूंच्या चक्रात, एकमेकांना न जोडलेल्या शिरोबिंदूंचा सर्वांत मोठा संच मी ट्री डीकंपोझिशनवरून काढत आहे. मूळ बॅगेत 1 आणि 4 आहेत. एका फांदीत 2, 3 आणि दुसरीत 5, 6. या दोन बाजूंमध्ये एकही कड नसल्यामुळे, बॅगेतील निवड ठरली की दोन्ही फांद्या स्वतंत्रपणे सोडवता येतात. ट्रीविड्थ लहान असताना प्रश्न सोपा होतो तो यामुळेच.

फक्त 1 निवडल्यास प्रत्येक फांदीचे उत्तर 2 येते. मी सरळ बेरीज करून 4 लिहिले, पण योग्य उत्तर 3 आहे, कारण 1 दोनदा मोजला गेला. तो वजा केल्यावर तक्ता जुळला.

आता अडचण डॉमिनेटिंग सेटची आहे. तिथे बॅगेतील प्रत्येक शिरोबिंदू निवडलेला, शेजाऱ्यामुळे झाकलेला किंवा अजून उघडा असतो. झाकणारा शेजारी कोणत्याही फांदीत असू शकत असल्यामुळे मला प्रत्येक शिरोबिंदूमागे चार जोड्या तपासाव्या लागतात, म्हणजे 13 शिरोबिंदूंच्या बॅगेला सुमारे 6.7 कोटी. ‘झाकलेला’ऐवजी ‘झाकलेला असो वा नसो’ अशी अवस्था ठेवून हे काम 3^13, म्हणजे सुमारे 16 लाखांच्या आसपास आणता येईल का, आणि किमान संख्या काढताना ती युक्ती कुठे अडते, हे कृपया कोणी सांगावे.