ऑफिसचं नेट दिवसातून दहा वेळा तुटतं, काय करावं?

सांगलीकर: आमचं छोटं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस, ११ कॉम्प्युटर. पंधरा दिवसांपासून नेट अधूनमधून जातं, दोन-तीन मिनिटांत आपोआप येतं. गंमत म्हणजे माझं बंद असताना शेजारच्या टेबलावर चालू असतं. कंपनीचा माणूस म्हणतो लाइन ठीक आहे. दोनदा "IP address conflict" असा मेसेजही आला. राउटर कोणता घ्यावा?

केबलवाला: राउटर बदलू नका. सगळ्या मशीनना हाताने आयपी द्या, विषय संपला.

प्रिंटरग्रस्त: आमच्याकडे प्रिंटर दर सोमवारी गायब व्हायचा! इंजिनियरने त्याला हाताने .20 दिला होता आणि राउटर तोच .20 कुणाच्या तरी लॅपटॉपला वाटत होता. तुमचा प्रिंटर बघा.

नेटवर्की: प्रिंटरमुळे फक्त प्रिंटर आणि ते एक मशीन अडेल, आळीपाळीने सगळे नाही. मला गेटवेचाच, म्हणजे नेटकडे नेणाऱ्या राउटरचाच, पत्ता दोघांकडे असल्याचा संशय आहे. नेट चालू असताना हे चालवा, आणि गेल्यावर लगेच पुन्हा:

```
arp -a
```

192.168.1.1 समोरचा मॅक, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक, दोन्ही वेळा तोच येतो का? आणि पंधरा दिवसांपूर्वी नवीन काय जोडलं?

सांगलीकर: वेगळा येतो! चालू असताना शेवट 4e-10, बंद असताना b7-c3. नवीन म्हणाल तर मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, म्हणून घरचा जुना राउटर स्विचला लावलाय.

नेटवर्की: सापडला चोर. त्याच्या लॅन पोर्टात वायर असणार आणि त्याचाही पत्ता 192.168.1.1. "गेटवे कोण?" असं मशीनने विचारलं की दोघेही "मी" म्हणतात. ज्याचं उत्तर मशीनने धरलं, तिकडे सगळं जातं. जुन्याकडे गेलं की नेट बंद. थोड्या वेळाने मशीन पुन्हा विचारतं, म्हणून आपोआप येतं. शिवाय तोही पत्ते वाटतोय, पहिल्याने कुणाला काय दिलं हे त्याला ठाऊक नाही. तुमचा मेसेज बहुधा त्यातूनच.

केबलवाले, इथे मशीनना हाताने आयपी देऊन गेटवेचं भांडण मिटत नाही.

जुना राउटर स्विचवरून काढा, एकट्या लॅपटॉपला जोडा. लॅन आयपी 192.168.1.250 करा, डीएचसीपी म्हणजे त्याचं पत्ते वाटणं बंद करा, मग वायर पुन्हा लॅन पोर्टातच लावा. मुख्य राउटरने .100 ते .200 एवढेच पत्ते वाटावेत. शेवटी सगळी मशीन रीस्टार्ट.

केबलवाला: बरं, पण प्रिंटरला तरी हातानेच द्या.

नेटवर्की: द्या की, .100 च्या खालचा. किंवा राउटरमध्येच त्याच्या मॅकला पत्ता राखून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला एकाच जागी दिसेल.

सांगलीकर: काल दुपारी केलं, तेव्हापासून इतरांचं एकदाही गेलं नाही. फक्त रिसेप्शनचा लॅपटॉप सकाळी पुन्हा तुटला.

नेटवर्की: तो वायफायवर आहे ना? तुटला की आधी गेटवेचा मॅक बघा. 4e-10 च असेल तर हे दुखणं वेगळं.

प्रिंटरग्रस्त: आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पत्ता बघितलात का?

सांगलीकर: .108 आहे... लावणारा माणूस फोन उचलत नाहीये.