मदत हवी आहे: आरडीचं व्याज चित्रातून कसं दाखवू?

आमच्या बचत गटासाठी स्लाइड्स बनवतेय. आरडीच्या चित्रावर अडलेय. महिना 500 रुपये, वर्षाला 6 टक्के. ताई म्हणतात, "6000 भरले, मग 360 व्याज हवं ना?" मिळतं सुमारे 200. कारण पहिला हप्ता बारा महिने व्याज कमावतो, शेवटचा फक्त एक. बारा मडकी काढली, पहिल्यात बारा दाणे, शेवटच्यात एक. बायकांना वाटलं, पैसेच कमी होत चालले!

कर्जाच्या स्लाइडवर हीच उतरंड हवी आहे: 12,000 कर्ज, दरमहा 1 टक्का, मुद्दल 1000 फेडलं की व्याज 120, 110, 100 असं उतरतं. आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. मडक्यांऐवजी कोणतं चित्र चालेल?