शालीला कसर लागली आहे, कृपया मदत करा

वैशाली बी-३०४: नमस्कार. लग्नाला न्यायला आईची काश्मिरी शाल काढली तर मधोमध सात भोकं 😢 त्याच कपाटातल्या पैठणीवर पिवळट डाग, पदराजवळ रेशीम खरवडल्यासारखं झालंय. काय करू?

कुलकर्णीकाका ए-१०१: डांबराच्या गोळ्या. ४० वर्षं वापरतोय.

मीनल सी-२०२: वैशालीताई, भोकांजवळ जाळी आणि वाळूसारखे कण आहेत का? शालीच्याच रंगाचे?

वैशाली बी-३०४: हो, मरून कण आहेत! मला वाटलं रंग सुटतोय.

मीनल सी-२०२: ती अळीची विष्ठा. आपण दोन्हीला कसरच म्हणतो, पण शालीची वेगळी, पैठणीची वेगळी. शालीला छोट्या सोनेरी पतंगाची अळी लागते, पतंग स्वतः काही खात नाही. घामाचा किंवा जेवणाचा डाग असला की अळी तिथे आधी लागते. पैठणीचं काम चंदेरी सिल्व्हरफिशचं दिसतंय. ती वरून खरवडते, तिला खळ आणि ओल लागते.

देशपांडे बी-४०४: ओल? बी विंगच्या भिंतीत ओल कुठून येते ते सेक्रेटरींनी सांगावं.

सेक्रेटरी: वॉटरप्रूफिंगचं कोटेशन एजीएमला ठेवलं होतं. नको कोण म्हणालं ते मिनिट्समध्ये आहे. धन्यवाद 🙏

रोहन ए-५०२: कसरीलाही मेंटेनन्स लावा 😄

देशपांडे बी-४०४: ज्यांच्या भिंती कोरड्या त्यांना हसू येणारच.

कुलकर्णीकाका ए-१०१: डांबराच्या गोळ्या.

मीनल सी-२०२: काका, हवाबंद डब्यात वाफ कोंडली तरच अळी मरते. कपाटात नुसता वास राहतो. वैशालीताईंकडे तान्हं बाळ आहे. रक्तपेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्या वाफेने फुटू शकतात. कृपया नको.

वैशाली बी-३०४: मग शालीचं काय करू?

मीनल सी-२०२: बाहेर नेऊन झटका, शिवणीत मऊ ब्रश फिरवा. मग पिशवीत घालून हवा काढा, चिकटपट्टीने बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. अंडीही मरतात. जुन्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी नसते. काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर शालीवर दव धरेल.

नाईककाकू ए-२०३: माझा डीप फ्रीजर आहे. सुरमई एका बाजूला करते.

देशपांडे बी-४०४: माशांशेजारी शाल??

नाईककाकू ए-२०३: दोन पिशव्यांत बंद असेल. भाऊ, तुमच्याकडे डीप फ्रीजर असेल तर सांगा.

वैशाली बी-३०४: आणि पैठणी?

मीनल सी-२०२: आधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खालचे वर्तमानपत्र काढा, सिल्व्हरफिश कागदही खाते. पैठणी सावलीत वाऱ्यावर घाला, उन्हात रंग उडतो. मग मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जर काळी पडते. दर तीन महिन्यांनी घडी बदला. पण भिंत ओली राहिली तर ती परत येणार.

देशपांडे बी-४०४: हेच म्हणतोय मी मघापासून.

कुलकर्णीकाका ए-१०१: बाळ मोठं झालं की गोळ्या.

नाईककाकू ए-२०३: वैशाली, सात वाजता ये. कप्पा रिकामा केलाय.