स्थानबद्धतेत जामीन नाही, पण अर्ज आहे

> जामिनावर सुटलेल्या माणसाला एमपीडीएखाली परत आत टाकलं. हे कसं चालतं?

चालतं, कारण एमपीडीए हा महाराष्ट्राचा स्थानबद्धतेचा कायदा आहे आणि त्याखालची अटक घडून गेलेल्या गुन्ह्यासाठी नाही, पुढे होऊ शकणाऱ्या कृत्यासाठी आहे. नेहमीच्या अटकेत चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, वकील असतो, जामीन मागता येतो. स्थानबद्धतेला घटनेच्या कलम २२ नेच यातून वगळलंय. आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी काढतात आणि मुदत बारा महिन्यांपर्यंत जाते. मला हे फार जाचक वाटतं. आदेशाला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढेसुद्धा वकील हक्काने देता येत नाही.

म्हणून सगळी भिस्त कागदांवर. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांत, त्या माणसाला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. राज्य सरकारने बारा दिवसांत आदेश मंजूर केला नाही तर तो संपतो. त्या मंजुरीपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही आदेशाविरुद्ध अर्ज करता येतो आणि हा हक्क स्थानबद्ध माणसाला सांगावाच लागतो. समजा, कारणांच्या कागदात फक्त सरकार आणि मंडळाकडे अर्ज करा असं लिहिलंय, अधिकाऱ्याचा उल्लेखच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एमपीडीएच्याच प्रकरणात एवढ्या त्रुटीवर आदेश बेकायदा ठरवलाय.

तेव्हा आधी कारणांचा कागद मिळवून त्यात अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो हे वाक्य आहे का ते शोधा. अर्ज आजच तुरुंग अधीक्षकांमार्फत द्या आणि पोच घ्या. उत्तराला विनाकारण उशीर झाला, तर उच्च न्यायालयातल्या याचिकेत तोही मुद्दा होतो.