मदत हवी आहे: पहिल्या प्रकरणातला पेच वाचकाला कधी कळावा?

कादंबरीचं पहिलं प्रकरण २,८०० शब्दांचं आहे. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला जातेय, सेक्रेटरी संमतिपत्र घेऊन दारात उभे आहेत, सुनंदाने सही करायची की नाही, एवढाच प्रसंग. निवेदन तृतीयपुरुषी, पण नजर फक्त सुनंदाची.

बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत मध्ये इमारतीचा ४०० शब्दांचा इतिहास येतो आणि प्रसंग तिथेच थिजतो. तो संवादात घालून पाहिला, तर दोघं एकमेकांना ठाऊक असलेलंच सांगू लागले. ‘तिच्या कपाळावरची आठी त्यांना खटकली’ अशी नजर निसटलेली वाक्यं रंगवून शोधली. ‘ते तिच्या कपाळाकडे बघत राहिले’ असं केलं आणि ते सुटलं.

खरी अडचण पुढेच आहे. कागदावर नव्या फ्लॅटसाठी फक्त भावाचं नाव आहे, हे वाचकाला शेवटच्या पानावर कळतं. त्यामुळे तोवरची तिची घालमेल पोकळ वाटते. प्रथमपुरुषी करता येणार नाही, कारण तिसरं प्रकरण भावाच्या नजरेतून आहे.

ते नाव तिला पहिल्याच पानावर दिसू द्यावं, की बेल वाजण्याआधीच तिला ठाऊक असावं? आणि इतिहासातलं काय इथे ठेवायचं, हे तुम्ही कोणत्या कसोटीवर ठरवता?